दोन बरोबर उत्तरांचा प्रश्न: मंडळाला पत्र कसे लिहावे?

प्रश्न: मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. बहुपर्यायी परीक्षेत ‘३० अंश सेल्सिअसला द्रव असणारा धातू कोणता?’ असा प्रश्न आला. पर्यायांत पारा होता आणि गॅलियमही. तात्पुरत्या उत्तरसूचीत फक्त पारा बरोबर धरला आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. ‘प्रश्न संदिग्ध आहे, सर्वांना पूर्ण गुण द्यावेत’ असे पत्र मी लिहून ठेवले आहे. ते मंडळावर बंधनकारक ठरेल का?

उत्तर: सर, पत्र जरूर पाठवा, पण त्यातले ‘संदिग्ध’ आणि ‘सर्वांना पूर्ण गुण’ हे दोन्ही शब्दप्रयोग आधी काढा. पहिल्याने तुमची बाजू दुबळी होते, दुसऱ्याने ती अन्यायाची वाटते.

कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या १९८३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची चौकट घालून दिली. उत्तरसूची बरोबर आहे असेच गृहीत धरायचे. ती चूक आहे हे लांबलचक तर्क लढवून नव्हे, तर उघडपणे दाखवता आले पाहिजे. शंका उरली तर सूचीच ग्राह्य. रणविजय सिंह प्रकरणात २०१७ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने हेच पुन्हा बजावले: संशयाचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळतो, उमेदवाराला नाही. म्हणून ‘दोन अर्थ निघू शकतात’ एवढेच लिहिलेत तर तुम्ही स्वतःहूनच शंका मान्य करता आणि तिचा लाभ मंडळाला जातो.

तुमचे सुदैव असे की प्रश्नात तापमान आकड्यात दिले आहे. गॅलियमचा द्रवणांक २९.७६ अंश सेल्सिअस, म्हणजे ३० अंशांना तो द्रवच. इथे अर्थ लावण्याचा मुद्दाच नाही. प्रश्नात ‘सामान्य तापमानाला’ असे असते तर मी तुम्हाला फार आशा दाखवली नसती. कारण सामान्य तापमान २५ अंश धरले, तर गॅलियम स्थायू राहतो आणि मंडळाची सूची टिकते.

हा आकडा विद्यार्थ्यांना नेमलेल्या पाठ्यपुस्तकातून दाखवा. पान, आवृत्ती आणि छपाईचे वर्ष लिहून छायाप्रत जोडा. आवृत्तीला मी इतके महत्त्व देतो त्याचे कारण २०२४ ची नीट परीक्षा. अणूविषयीच्या एका प्रश्नात पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीमुळे दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि दुसऱ्या पर्यायावर गुण मिळालेल्यांचे गुण गेले. हा धोका विद्यार्थ्यांना आधीच सांगा.

आता मागणी. समीर गुप्ता निकालातच म्हटले आहे की उत्तरातला दोष किंवा प्रश्नातली संदिग्धता निदर्शनास आणून दिल्यावर विद्यापीठाने तत्पर निर्णय घेऊन तो प्रश्न वगळावा, त्याला गुण ठेवू नयेत. मंडळाने निर्णय घेण्याचा आग्रह तुम्ही याच्या आधारे धरू शकता. मात्र प्रश्न वगळला तर ज्यांनी पारा किंवा गॅलियम निवडले त्यांचाही कष्टाचा गुण जातो, आणि सर्वांना गुण दिले तर तांबे निवडणाराही त्यांच्या बरोबरीला येतो. म्हणून असे लिहा:

‘प्रश्न क्रमांक अमुक मध्ये दिलेल्या तापमानाला पर्याय अ व पर्याय क हे दोन्ही धातू द्रव असतात, सोबत पाठ्यपुस्तकातील पान जोडले आहे. दोन्ही पर्यायांना गुण द्यावेत. ते शक्य नसल्यास प्रश्न वगळावा. विषयतज्ज्ञांचे मत घेऊन अंतिम उत्तरसूचीपूर्वी सकारण निर्णय लेखी कळवावा.’

‘सकारण’ हा शब्द राहू द्या. नुसता नकार आला आणि कारण दिले नसेल, तर पुढे न्यायालयात तोच सर्वांत मजबूत मुद्दा होतो.

बंधनकारक म्हणाल तर तुमचे पत्र तसे नाही. गुण तुमचे नाहीत, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने बाधित व्यक्ती तुम्ही नव्हे, विद्यार्थी आहे. गॅलियम निवडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने आसन क्रमांकासह स्वतःचा आक्षेप ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पद्धतीने आणि शुल्क असेल तर ते भरून नोंदवलाच पाहिजे. तुमचे पत्र त्याला तज्ज्ञाचा आधार म्हणून जोडा आणि वेगळी प्रत प्राचार्यांमार्फत पाठवून पोच घ्या. तुम्ही स्वतः या परीक्षेचे प्राश्निक किंवा नियामक असाल, तर मात्र गोपनीयतेचे बंधन आहे. तेव्हा पत्र फक्त मंडळाच्या सक्षम अधिकाऱ्यालाच द्या, कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती नको.

उत्तर आलेच नाही, तर विद्यार्थ्याला उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. न्यायालय स्वतः रसायनशास्त्राचा निवाडा सहसा करणार नाही, पण आक्षेपावर ठरावीक मुदतीत निर्णय घ्या असा आदेश मिळण्याची शक्यता चांगली असते. माहिती अधिकाराच्या अर्जाचे उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात, तोवर प्रवेश उरकतील. त्यामुळे त्या उत्तराची वाट पाहत बसू नका. अंतिम सूची लागताच वकील गाठा.