एक्स-रे काढाच, पण बेडक्याची डबी आधी भरा

"वडिलांचं वय ५४, शुगरची गोळी चालू आहे. साडेतीन आठवडे झाले, कफाचा खोकला जात नाही. आधी अझिथ्रोमायसिन झालं, मग लेव्होफ्लॉक्सासिन ५०० सात दिवस. तेव्हा बरं वाटलं, आता पुन्हा सुरू. ताप नाही. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. एक्स-रे काढावा की अजून थोडं थांबावं?"

थांबू नका. एक्स-रे याच आठवड्यात काढा आणि त्याच वेळी बेडका तपासायला द्या. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर मी बेडका आधी म्हणेन.

साध्या सर्दी-फ्लूनंतरचा खोकला सरासरी अडीच आठवडे चालतो, काहींचा सहा-आठ आठवडेही रेंगाळतो. त्यामुळे तीन आठवडे खोकणारा प्रत्येक जण टीबीचा नसतो, बहुतेक जण नसतातच. पण आपल्या देशात टीबी इतका आहे की सरकारी क्षयरोग कार्यक्रमाने चाळणी मुद्दाम बारीक ठेवली आहे: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, मग बेडका तपासायचा. पूर्वी हीच मुदत तीन आठवड्यांची होती. "तीन आठवडे वाट बघा" हे अजून लोकांच्या तोंडी आहे, ते तिथूनच. वडिलांनी दोन्ही मुदती ओलांडल्या आहेत. शिवाय त्यांना मधुमेह आहे आणि मधुमेह्यांत टीबीचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो.

"छाती साफ आहे" याचा अर्थ एवढाच की स्टेथोस्कोपमधून आवाज स्वच्छ आला. श्वासनळ्या आकसलेल्या असल्या की शिट्टी ऐकू येते, न्यूमोनिया असला की चरचर येते. फुप्फुसाच्या शेंड्याला, गळपट्टीच्या हाडामागे, छोटा डाग असला तर तो बरेचदा काहीच आवाज करत नाही. यात डॉक्टरांची चूक नाही, त्या नळीची मर्यादा आहे.

तुमच्या प्रश्नात मला खटकली ती लेव्होफ्लॉक्सासिनची गोळी. हे औषध टीबीच्या जंतूंवरही चालतं. नेहमीची औषधं दाद देत नाहीत अशा टीबीत ते उपचाराचा भाग म्हणून देतात. टीबी असताना ते सात दिवस एकटंच दिलं तर काही जंतू मरतात, खोकला उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि दहा-पंधरा दिवसांत सगळं परत येतं. मधल्या काळात निदान लांबतं आणि उरलेले जंतू त्या औषधाला सरावण्याचा धोका राहतो. "गोळी होती तेव्हा बरं वाटलं, मग पुन्हा सुरू" हा क्रम साध्या जंतुसंसर्गातही दिसतो, म्हणून त्यावरून टीबी आहे असं मी म्हणत नाही. पण बेडका तपासल्याशिवाय तिसरा कोर्स याच गटातला (ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नावाच्या शेवटी "फ्लॉक्सासिन" असलेलं काहीही) घेऊ नका. कफ पिवळा-हिरवा आहे एवढंच कारणही अँटिबायोटिकला पुरत नाही, साध्या विषाणूच्या खोकल्यातही तो रंग येतो.

आता डबीकडे येऊ. तपासणी फसते ती बहुतेक वेळा इथे, मशीनपाशी नाही. डबीत बेडक्याऐवजी थुंकी जाते.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. दोन नमुने घेतात: एक तिथल्या तिथे, दुसरा दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर. सकाळचा जास्त मोलाचा, कारण रात्रभर छातीत साचलेलं त्यात वर येतं. डबी आदल्या दिवशीच घरी आणा आणि वडिलांचं नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलं तर झाकणं उघडल्यावर अदलाबदल होऊ शकते.

सकाळी चहा-नाश्त्याआधी साध्या पाण्याने दोनदा चूळ भरायची. पेस्ट किंवा माउथवॉश नमुना दिल्यानंतर. मग गच्चीवर, अंगणात किंवा उघड्या बाल्कनीत जायचं, बाथरूममध्ये नाही. बंद जागेत खोकल्याचे बारीक तुषार हवेत राहतात आणि मागून आत जाणाऱ्याच्या छातीत जातात. आसपास कोणी नको. नाकातून खोल श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, सोडायचा. असं दोनदा. तिसरा श्वास भरून घेतला की पोटापासून जोर लावून खोकायचं आणि वर आलेलं खालच्या ओठाला टेकवलेल्या डबीत सोडायचं. घसा नुसता खाकरून काढलेलं चालत नाही, ते नाकामागचं असतं.

झाकण लावण्याआधी डबी उजेडात तिरपी करून बघा. पाण्यासारखं पातळ, वर फेस, तिरपी केल्याबरोबर पळतं: ती लाळ, पुन्हा खोका. दाट, पांढरट-पिवळट, तळाला धरून हळू सरकतं, तार येते: हा बेडका. निदान २ मिलि हवा, म्हणजे साधारण अर्धा चमचा. चमचाभर मिळाला तर उत्तम. एका दमात येत नसेल तर पाच मिनिटं थांबून पुन्हा. आदल्या रात्री भरपूर पाणी आणि सकाळी वाफ घेतल्याने सुटायला मदत होते. तरीही नाहीच आलं तर दवाखान्यात खारट पाण्याची वाफ यंत्रातून देऊन नमुना काढता येतो, तसं विचारा. डबी घट्ट बंद करून पिशवीत घालून त्याच दिवशी पोचवा. उशीर होणार असेल तर गार जागी ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात नाही.

देताना दोन गोष्टी सांगा. लेव्होफ्लॉक्सासिनची शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली, ही पहिली. ते औषध नुकतंच पोटात गेलं असेल तर जंतू कमी झाल्याने रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून डबी द्यायला उशीर करायचा नाही, फक्त निगेटिव्ह आला आणि खोकला राहिलाच तर नमुना पुन्हा द्यायचा. दुसरी, तपासणी कोणती होणार ते विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे साधारण पाच ते दहा हजार लागतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनला शे-सव्वाशेही पुरतात, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही त्यातच कळतं. (ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि छोट्या केंद्रांतही चालावं अशाच बेतानं केलेलं आहे.) मशीनचं काम काही तासांचं. रिपोर्टला दिवस लागतात ते नमुना पोचण्यात आणि रांगेत. फक्त सूक्ष्मदर्शकाची तपासणी झाली आणि निगेटिव्ह आली, तर तिथे थांबू नका, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून मागा.

टीबीसाठी रक्त तपासायला कोणी सांगितलं तर पैसे वाचवा. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या तपासण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. मांटू ही कातडीवरची किंवा इग्रा ही रक्ताची तपासणी, दोन्ही जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच सांगतात, आजचा खोकला त्याचा आहे का ते नाही.

एक्स-रे उभं राहून, पूर्ण श्वास भरून धरून काढायचा. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो आणि नसलेला न्यूमोनिया वाचला जातो. टीबीचा डाग बहुधा वरच्या भागात असतो, पण मधुमेह्यांत तो खालीही सापडतो आणि न्यूमोनियासारखा दिसतो. म्हणून तुमच्या बाबतीत "खाली पॅच आहे, न्यूमोनिया असेल" एवढ्यावर विषय मिटवू नका. उलटही खरं: एक्स-रेत डाग दिसला म्हणजे टीबी ठरला असं नाही, जुना बरा झालेला व्रणही दिसतो. एक्स-रे "कुठे बघायचं" ते सांगतो, "काय आहे" ते बेडका.

मग पुढे काय? बेडका पॉझिटिव्ह आला तर औषध सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतं, साध्या टीबीला सहा महिने. बेडका निगेटिव्ह आणि एक्स-रेत डाग, असं झालं तर छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते दुसरा नमुना, सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीतून श्वासनळीचा नमुना सुचवतील. वडील विडी-सिगारेट ओढत असतील किंवा ओढत असत, तर हा टप्पा पुढे ढकलू नका, कारण पन्नाशीनंतर त्या डागामागे गाठही असू शकते. न्यूमोनिया म्हणून उपचार झाले तरी साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून डाग गेला का ते बघा.

दोन्ही साफ आले तर माझी पहिली शंका दमा किंवा धुराने खराब झालेल्या श्वासनळ्यांवर जाईल. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकायची तपासणी. नाकामागून घशात उतरणारा कफही असा खोकला चालू ठेवतो, त्याला आडवं झाल्यावर खोकला वाढणं ही खूण. रोज पाव कप किंवा त्याहून जास्त बेडका पडत असेल तर श्वासनळ्या रुंदावलेल्या असू शकतात, ते साध्या एक्स-रेत निसटतं, सीटीत दिसतं.

ताप नाही म्हणता, पण कधी मोजला? टीबीचा ताप बरेचदा संध्याकाळी बारीक चढतो आणि सकाळी नसतो. तीन दिवस संध्याकाळी सहाच्या सुमारास मोजून लिहून ठेवा. वजनही करा. ६० किलोच्या माणसाचे तीन महिन्यांत ३ किलो न सांगता उतरले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. मधुमेह्यांत "शुगरमुळे वजन उतरलं" असं म्हणून हे सोडून दिलं जातं.

बेडक्यात रक्त आलं, बसल्या जागी धाप लागली, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, थंडी वाजून ताप भरला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर डबी-बिबी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रिपोर्ट येईपर्यंत वडिलांनी घरात मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लहान मुलांना त्यांच्या खोलीत झोपवू नये. खोकला दाबणारं सिरप देऊ नका, कफ आतच राहतो. आणि दवाखान्यात जाताना दोन्ही कोर्सची रिकामी पाकिटं सोबत घ्या. "एक पांढरी गोळी होती" यावरून तिथे कोणालाच काही ठरवता येत नाही.