फिश थाळीत काय ठेवावं, काय सोडावं?

वजन कमी करतोय. पणजीत मित्रांबरोबर जेवायला गेल्यावर मन न मारता काय मागवू?

फिश थाळीच मागवा, फक्त रवा फ्रायऐवजी रेशाद मसाला लावून तव्यावर भाजलेला बांगडा सांगा. आमची खानावळ आहे. रवा तेल कसं पितो ते रोज बघतो, आणि एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात. हुमण म्हणजे माशाची आमटी सोडू नका, पण त्यात नारळ असतो, म्हणून एकच वाटी. पोट भरतं ते मासळी आणि तिसऱ्यांच्या सुक्याने. शीत म्हणजे भात अर्धाच वाढायला सांगा, नाहीतर ताटात आलेलं संपतंच. सोलकढीऐवजी बिननारळाची फुटी कढी मागा. मात्र काही ठिकाणी तव्यावरचा मासाही तेलात पोहतो, ‘तेल कमी’ हे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं.