टीव्हीमागच्या वायरी भिंतीत घेताना

"५५ इंची टीव्ही हॉलच्या भिंतीवर लावतोय. सेट टॉप बॉक्स खाली युनिटवर राहील. वायरमन म्हणतो, टीव्हीची पॉवर कॉर्ड आणि एचडीएमआय एकाच चरात टाकून वरून प्लास्टर मारू. चालेल का?"

नाही, असं करू देऊ नका. टीव्हीसोबत येणारी कॉर्ड उघड्यावर वापरण्यासाठी असते. ती प्लास्टरमध्ये गाडली आणि पुढे कुणी खिळा ठोकला किंवा आतून ती खराब झाली, तर भिंत फोडण्यावाचून इलाज नाही. त्यापेक्षा टीव्हीच्या मागेच ६ अँपिअरचं थ्री-पिन सॉकेट घ्या. स्विचबोर्डापासून तिथवर पाइपातून दीड स्क्वेअर एमएमच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी न्यायच्या, स्विच खाली हाताशी ठेवायचा. सॉकेट ब्रॅकेटच्या मधोमध नको, बाजूला घ्या. चपट्या ब्रॅकेटमध्ये मागे जेमतेम इंचभर जागा उरते आणि साधा प्लग त्यात मावत नाही. म्हणून बॉक्स भिंतीत थोडा आत बसवून घ्या.

एचडीएमआयला वेगळा पाइप लागतो. तिचं आवरण घरच्या विजेच्या दाबासाठी नसतं, त्यामुळे पॉवरच्या पाइपात ती घालायचीच नाही. इथे लोक पाइपाच्या मापात फसतात. नेहमीच्या २५ एमएम पाइपाची आतली जागा साधारण २१-२२ एमएम असते, आणि एचडीएमआयचा प्लगच जवळपास तेवढा रुंद असतो. तो अडकतो. ३२ एमएम घ्या, टीव्हीमागून युनिटमागे सरळ उभा, मध्ये एल्बो न लावता. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढे केबल बदलायची झाली तर तीच कामी येते. माझ्या स्वतःच्या घरी केबल थेट प्लास्टरमध्ये गाडली गेली होती. दोन वर्षांनी चित्र लुकलुकायला लागलं आणि नव्या रंगाच्या भिंतीवर छिन्नी चालवावी लागली.

चर मारण्याआधी भिंत कसली आहे ते बघा. एक छोटं भोक पाडा. लाल भुकटी आली तर वीट, पांढरी आणि ड्रिल सहज आत गेलं तर हलका ब्लॉक. राखाडी भुकटी प्लास्टरचीही असते, पण १५-२० एमएम आत गेल्यावरही राखाडीच येत असेल आणि ड्रिल अडत असेल तर ते काँक्रीट आहे. मायवान पद्धतीच्या इमारतींत घरातल्या बहुतेक भिंती अशाच असतात आणि त्यांच्यावर इमारतीचा भार असतो. तिथे चर अजिबात मारू नका, भिंतीच्या रंगाची केसिंग पट्टी लावा. ४ इंची विटेच्या भिंतीत उभा चर विटेत एक तृतीयांशापेक्षा, म्हणजे सुमारे ३३ एमएमपेक्षा, खोल नको. प्लास्टरची जाडी धरता ३२ एमएमचा पाइप त्यात आरामात बसतो. आडवा चर मात्र टाळा, त्याने पातळ भिंत फार कमजोर होते.

काम सुरू करण्याआधी मेन बंद करून टेस्टरने खात्री करा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली जुन्या वायरी असतात, तो पट्टा सोडा. पाइप बसले की प्लगसकट एचडीएमआय ओढून बघा, चित्र तपासा, मगच चर बुजवा. त्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे खिळा कुठे ठोकायचा नाही ते कळेल.