बिलं मोजा, मग स्वॉट मांडा: किनाऱ्यावरच्या एका मेडिकलचा आढावा

प्रश्न: "गावातलं मेडिकल आहे, तीन वर्षं विक्री आहे तिथेच अडकलीय. स्वॉट करा म्हणतात. तो नेमका कसा करायचा आणि त्यातून कामाच्या तीन गोष्टी कशा काढायच्या? डिस्काउंटचा बोर्ड लावू का?"

बोर्ड लावू नका. का ते पुढे सांगतो, कारण या बोर्डावरून आमच्या धंद्यातल्या एका ज्येष्ठांशी माझा वर्षानुवर्षं वाद चाललाय आणि तुमच्या प्रश्नाने तो पुन्हा वर काढला.

बहुतेक दुकानांत स्वॉट म्हणजे कागदावर चार चौकोन आखतात आणि जे सुचेल ते लिहितात. बळ, 'चांगली सेवा'. उणीव, 'भांडवल कमी'. संधी, 'पर्यटन वाढतंय'. धोका, 'ऑनलाइन'. हा कागद कुठल्याही मेडिकलला चालेल, म्हणून तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. माझा नियम कडक आहे: ज्या वाक्यामागे आकडा नाही ते चौकोनात जात नाही. म्हणून पहिला महिना चौकोनांना हातही लावायचा नाही. फक्त मोजायचं.

दापोली तालुक्यातल्या एका बंदराच्या गावातलं दुकान घेतो. विक्री महिन्याला 3,60,000 रुपये, तीन वर्षांपूर्वीही तेवढीच. मालक म्हणत होते, "धंदा जागच्या जागी आहे." बिलांची संख्या काढली. तीन वर्षांपूर्वी महिन्याला 2,400 बिलं, सरासरी 150 रुपयांची. आता 1,800 बिलं, सरासरी 200 रुपयांची. म्हणजे धंदा थांबलेला नव्हता. चौथा हिस्सा गिऱ्हाईक निघून गेलं होतं आणि औषधांच्या वाढलेल्या किमतींनी ते झाकलं होतं. किंमत-नियंत्रणातल्या औषधांच्या कमाल किमती एप्रिल 2022 मध्ये 10.77 टक्के आणि एप्रिल 2023 मध्ये 12.12 टक्के वाढवायला परवानगी होती. नियंत्रणाबाहेरच्या औषधांना वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढ चालते. एवढ्या वाढीनंतरही रुपयांतली विक्री तीच राहत असेल, तर माणसं कमी झालीत. तुमच्या बिलिंगमधून हे दोन आकडे आजच काढा.

गिऱ्हाईक कुठे गेलं? मालकांचं उत्तर तयार होतं: मुंबईचा मुलगा स्वस्तात औषधं पाठवतो, बाकीचे मोबाइलवरून मागवतात. हे तपासायला काउंटरवर 'नाही-वही' ठेवली. मागितलं आणि मिळालं नाही असं प्रत्येक औषध, ताकदीसकट, लगेच लिहायचं. किती गोळ्या, नेहमीचं माणूस की नवं, आणि आपण काय सांगितलं. एक ओळ अशी होती: "12 तारीख, 10.40. टेल्मिसार्टन 40 अधिक अम्लोडिपिन 5, 30 गोळ्या. नेहमीच्या बाई. उद्या या सांगितलं. आल्या नाहीत." शेवटचे दोन शब्द दुसऱ्या दिवशी वेगळ्या शाईने लिहिलेले. वहीचा खरा उपयोग त्या दोन शब्दांत आहे.

ही वही हमखास एका ठिकाणी फसते. काउंटरवरच्या मुलाला वाटतं, 'नाही' लिहिलं की शेठ ओरडणार, मग तो लिहीतच नाही. दिवसाला दोन-तीनच ओळी दिसल्या तर वही खोटी आहे असं समजा. मालकांनी पहिल्या दिवशी स्वतःच्या हातच्या पाच ओळी लिहिल्या की मुलंही लिहू लागतात. महिना निवडतानाही जपा. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, तेव्हाचा आकडा फुगलेला येतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे बंदराच्या गावात हातात पैसा कमी आणि उधारी जास्त.

महिनाअखेर वहीत 212 ओळी होत्या. त्यातल्या 124 मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा रोजच्या औषधांच्या, आणि त्या सगळ्या मिळून फक्त 22 औषधांच्या. सरासरी 240 रुपये धरले तर महिन्याला जवळपास 30,000 रुपये दारातून परत गेले. खरा तोटा याहून मोठा, कारण चिठ्ठीवरच्या चारपैकी एक गोळी नसली तर माणूस चारही दुसरीकडून घेतो, आणि पुढच्या महिन्यात थेट तिकडेच जातो. मुंबईच्या मुलाने औषधं पाठवायला सुरुवात का केली, याचं उत्तर बऱ्याच घरांत "इथे वेळेवर मिळत नाही" हेच निघालं.

आता चौकोन. काय कुठे घालायचं यावर लोक अडतात, त्याला सोपी कसोटी आहे: दुकान उद्या बंद पडलं तरी ही गोष्ट गावात राहील का? राहणार असेल तर ती बाहेरची, म्हणजे संधी किंवा धोका. नाहीतर ती आपली, बळ किंवा उणीव. 'ऑनलाइन' धोका आहे, पण 'आपल्याकडे 22 औषधं सतत नसतात' ही उणीव आहे. या दुकानाने उणीव धोक्याच्या चौकोनात लिहिली होती, म्हणून तीन वर्षं काहीच करता आलं नाही. बसताना काउंटरवरचा मुलगाही हवा. त्याचे मुद्दे आधी कागदावर घ्या, मालक बोलल्यावर तो बोलत नाही.

प्रत्येक चौकोनात तीनपेक्षा जास्त ओळी ठेवू नका. इथे मुख्य उरलं ते असं. बळ: साठेक घरांतली नेहमीची चिठ्ठी मालकांना तोंडपाठ. उणीव: 6,50,000 चा माल, त्यातला 1,70,000 चा नव्वद दिवसांत हललेला नाही, आणि फ्रीजचा भरवसा नाही. संधी: इन्सुलिनसाठी माणसं दापोलीला जातात, आणि पैसे द्यायला तयार मुलं मुंबईत आहेत. धोका: बाहेरून येणारी औषधं आणि पावसाळ्यातली वीज. चौकोन भरून थांबू नका. व्यवस्थापनाचे अभ्यासक हाइन्झ वाइरिख यांनी 1982 मध्ये मांडलेली पुढची पायरी म्हणजे आतल्या ओळीला बाहेरच्या ओळीशी जोडायचं. काम जोडीतून निघतं, सुट्या ओळीतून नाही.

पहिली जोडी, अडकलेला माल आणि बाहेर जाणारं गिऱ्हाईक. न हललेल्या मालाची यादी काढताना हंगामी औषधं बाजूला ठेवा. पावसात लेप्टोसाठी लागणारं डॉक्सिसायक्लिन मे महिन्यात पडून दिसेल, ते परत करू नका. बाकीचं मुदतीच्या क्रमाने लावा आणि स्टॉकिस्टला परत पाठवा. परतीची खिडकी कंपनीनुसार बदलते, ती प्रत्येक स्टॉकिस्टकडून लिहून घ्या. कापलेली स्ट्रिप सहसा परत घेत नाहीत. कापायचीच असेल तर बॅच आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत राखा. या दुकानाने दोन महिन्यांत 62,000 चा माल परत केला. त्या 22 औषधांचा महिन्याभराचा साठा 36,000 ला बसला. नवं भांडवल एक रुपयाही लागलं नाही. तो माल साचला होता दहावर दोन फुकटच्या स्कीममुळे, म्हणून नियम केला: साठ दिवसांत खपणार नाही इतका माल स्कीममध्येही घ्यायचा नाही.

दुसरी जोडी, तोंडपाठ चिठ्ठ्या आणि मुंबईचे पैसे. तोंडपाठ आहे ते वहीत आणा: नाव, औषध, ताकद, शेवटची तारीख, चिठ्ठीचा फोटो. गोळ्या संपायच्या पाच दिवस आधी फोन करायचा आणि त्यावरूनच स्टॉकिस्टची ऑर्डर काढायची. मुलाला बिलाचा फोटो जातो, पैसे यूपीआयने येतात, आईला औषध वाडीतच मिळतं. नव्वद दिवसांत 40 माणसं नोंदवायची आणि त्यातल्या 32 जणांनी ठरल्या तारखेच्या तीन दिवसांत औषध नेलेलं हवं. 40 झाले आणि 15 च आले तर फोन उशिरा जातोय किंवा माल आलेला नाही, आधी तेवढंच पाहा. एक जपा: लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा द्यायचा तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येत नाही. थायरॉक्झिनच्या बाबतीत तर मुळीच अदलाबदल नको.

तिसरी, फ्रीज. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि एरवीही पावसात तारा तुटतात. इन्सुलिनला 2 ते 8 अंश हवं आणि ते गोठलं तर फेकायचं, पुन्हा वितळवून द्यायचं नाही. घरगुती फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यालगत आणि दारात ते ठेवू नका. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. आधी पंधरा दिवस आकडे लिहा, वीज गेल्यावर किती तासांत 8 च्या वर जातं ते बघा, मग त्या तासांना पुरेल असा इन्व्हर्टर घ्या. आधी इन्व्हर्टर आणि मग मोजमाप केलं की चुकीच्या क्षमतेचा गळ्यात पडतो.

आता बोर्ड. ते ज्येष्ठ म्हणायचे, दहा टक्के सोडले की गिऱ्हाईक परत येतं. हिशोब करा. नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ नफा 16 टक्के, तोही खरेदी किमतीवर; विक्री किमतीवर तो 14 टक्क्यांच्याही खाली येतो. बाकीच्यांवर साधारण 20. सरासरी 18 धरा. 3,60,000 वर 64,800 मिळतात. दहा टक्के सोडले तर हातात आठच राहतात, आणि तेच 64,800 मिळवायला छापील किमतीने 8,10,000 चा माल खपायला हवा, सव्वादोन पट. बंदराच्या गावात तेवढी माणसंच नाहीत. शिवाय वहीतल्या 212 ओळींत 'महाग म्हणून घेतलं नाही' अशा फक्त नऊ ओळी होत्या.

एक अट आधीच सांगायला हवी होती. गेल्या तीन वर्षांत जवळचा दवाखाना बंद झाला असेल किंवा डॉक्टर स्वतःच औषधं देऊ लागले असतील, तर वरचं सगळं कमी उपयोगाचं. बिलं डॉक्टरांच्या नावाने लावून पाहा. घट एकाच नावात असेल तर नाही-वहीत ओळी थोड्याच येतील, आणि तुमचा प्रश्न मालाचा नसून जागेचा आहे.