विमानातले ऑक्सिजन मास्क: डोक्यावरच्या डब्यातली बारा मिनिटे

प्रश्न: विमानात मास्क खाली आले तर ऑक्सिजन सिलिंडरमधून येत नाही, तिथल्या तिथे रसायनातून तयार होतो असं ऐकलं. हे कसं होतं? आणि तो जेमतेम बारा-पंधरा मिनिटंच का पुरतो? एवढ्या वेळात विमान उतरणार कुठे?

---

तुम्ही ऐकलंत ते बहुतेक विमानांच्या बाबतीत खरं आहे. तुमच्या डोक्यावर, दिवा आणि एसीच्या झोताशेजारी जे झाकण असतं, त्याच्या आत मास्कच्या घड्यांसोबत स्टीलचा एक छोटा नळकांड्यासारखा डबा बसवलेला असतो. एका बाजूच्या तीन-चार मास्कना मिळून एक डबा. मध्यवर्ती टाकी नाही, विमानभर फिरवलेल्या नळ्या नाहीत, उच्च दाबाखाली साठवलेला वायूही नाही. आत असतं ते सोडियम क्लोरेट, दाबून घट्ट केलेल्या ठोकळ्याच्या रूपात. या धंद्यातले लोक त्याला ऑक्सिजन कँडल, म्हणजे मेणबत्तीच म्हणतात, आणि ते नाव चपखल आहे: एका टोकाला पेटते, दुसऱ्या टोकापर्यंत जळत जाते, आणि मध्ये थांबवता येत नाही.

सोडियम क्लोरेट पुरेसं तापलं की त्याचं विघटन होऊन साधं मीठ आणि ऑक्सिजन उरतो:

2NaClO3 → 2NaCl + 3O2

अडचण एवढीच की ते तापवत ठेवायला हवं. विघटनातून थोडी उष्णता निघते, पण एवढ्याशा डब्यात ज्वलन पुढे सरकत ठेवायला ती पुरत नाही. म्हणून ठोकळ्यात लोखंडाची बारीक पूड मिसळतात. तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा थोडा भाग खाऊन लोखंड जळतं आणि त्या उष्णतेवर पुढचा थर विघटित होतो. सोबत थोडं बेरियम पेरॉक्साइडही असतं, कारण क्लोरेट तापताना किंचित क्लोरीन सुटण्याचा धोका असतो आणि हे रसायन त्याला पकडून ठेवतं. वायू मास्ककडे जाण्याआधी गाळणीतून जातो.

पेटवण्याची सोय पूर्णपणे यांत्रिक आहे. डब्याच्या एका टोकाला बंदुकीच्या काडतुसात असते तशी ठिणगीची टोपी, तिच्यावर स्प्रिंगने ताणलेला हातोडा, आणि हातोड्याला अडवणारी एक पिन. पिनला बांधलेली दोरी मास्कपर्यंत येते. मास्क तोंडाकडे ओढला की दोरी ताणली जाते, पिन निघते, हातोडा टोपीवर आपटतो आणि ठोकळ्याचं टोक पेटतं. म्हणून एअर होस्टेस ‘मास्क आपल्याकडे ओढा’ असं मुद्दाम सांगते. नुसता लोंबकळणारा मास्क नाकाजवळ धरला तर काहीच येणार नाही. उलट शेजाऱ्याने त्याचा मास्क ओढला तर तुमच्याही मास्कमध्ये प्रवाह सुरू होतो, कारण डबा एकच आहे. तुम्ही दोन मिनिटं उशिरा मास्क लावलात तर ती दोन मिनिटं गेलीच.

मास्कची पिशवी फुगली नाही म्हणून घाबरणारे बरेच असतात. प्रवाह संथ असतो आणि तुम्ही श्वास घेताच पिशवीतला ऑक्सिजन आधी ओढला जातो, मग उरलेली हवा केबिनमधून येते. जोरात श्वास घेणाऱ्याची पिशवी चपटीच दिसेल. डबा तापला की त्यावरच्या धुळीचा जळका वास येतो, तोही अपेक्षितच. डब्याचं बाहेरचं कवच अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचू शकतं. आतला ठोकळा त्याहून कितीतरी तप्त असतो, म्हणून मध्ये उष्णतारोधक थर असतो.

या उष्णतेला हलक्यात घेऊ नका. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट ५९२ हे डीसी-९ विमान मायामीहून निघाल्यावर काही मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं आणि ११० माणसं गेली. सामानकक्षात मुदत संपलेले पण न वापरलेले ऑक्सिजन जनरेटर खोक्यांत भरले होते. टोपीवर बसवायची सुरक्षा-टोपणं त्यांवर नव्हती आणि कागदावर ते ‘रिकामे’ म्हणून नोंदले होते. त्यातला निदान एक पेटला. अशा आगीला हवा तोडून विझवता येत नाही, कारण ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते.

आता वेळेकडे. हिशोब सोपा आहे, एकदा मांडून बघू. १ किलो सोडियम क्लोरेटमधून, सगळं विघटित झालं तर, सुमारे ४५० ग्रॅम ऑक्सिजन निघतो. समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंशाला तो साधारण ३१५ लिटर भरतो. समजा एका डब्याला तीन मास्क आहेत, प्रत्येकाला सरासरी मिनिटाला २ लिटर द्यायचे आहेत, आणि १५ मिनिटं द्यायचे आहेत. म्हणजे ९० लिटर. त्यासाठी सुमारे २८५ ग्रॅम क्लोरेट लागेल, लोखंड खाईल ते धरून तीनशेच्या वर. मुठीएवढं रसायन. मग तासभराचं का ठेवत नाहीत? तेवढ्याच तीन मास्कना सव्वा किलोभर लागेल, शिवाय मोठं कवच, जास्त उष्णतारोधक, जास्त जागा. दीड-दोनशे आसनांच्या विमानात असे साठ-सत्तर डबे असतात. ते न वापरता वर्षानुवर्षं उडवत राहायचं, आणि हे सगळं तुमच्या डोक्यावरच्या पातळ प्लास्टिकच्या पॅनलमागे तापणार.

पण माझ्या मते वजन हे दुय्यम कारण आहे. खरं कारण असं की हा ऑक्सिजन विमान वर ठेवायला दिलेलाच नाही. तो फक्त विमान खाली येईपर्यंतचा आहे. खाली म्हणजे जमिनीवर नव्हे, १०,००० फुटांपर्यंत. तिथली हवा विरळ असली तरी मास्कशिवाय श्वास घेता येतो. विमानतळावर मग सावकाश जाता येतं.

३६,००० फुटांवर केबिनचा दाब गेला असं धरा. केबिनमधली हवा १४,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की मास्क आपोआप पडतात. ३६,००० फुटांवरच्या हवेत मास्कशिवाय नीट विचार करण्याएवढी शुद्ध अर्धा ते एक मिनिटच टिकते. पायलट आधी स्वतःचे मास्क लावतात, त्यांचा पुरवठा वेगळा असतो, आणि मग विमान खाली घालतात. मिनिटाला पाच-सहा हजार फूट हा आपत्कालीन उतरण्याचा नेहमीचा वेग. २६,००० फूट उतरायला पाचेक मिनिटं. सुरुवातीचं एक मिनिट धरा, सहा. विमानाच्या सांगाड्याला इजा असल्याची शंका आली आणि पायलटने वेग निम्मा ठेवला तरी दहाच्या आसपास. बारा मिनिटांत हे बसतं.

डब्याची रचनाही याच उतरणीला बेतलेली असते. वर हवा अतिविरळ, म्हणून सुरुवातीला भरपूर ऑक्सिजन हवा. विमान खाली येत जातं तशी गरज घटते. म्हणून ठोकळा सगळीकडे सारखा बनवत नाहीत. पेटणाऱ्या टोकाकडे इंधनाचं प्रमाण जास्त ठेवून तो भाग भराभर जळेल असं करतात, पुढचे थर सावकाश जळतात. त्यामुळे शेवटच्या मिनिटांत मास्कमध्ये येणारा प्रवाह तुम्ही ३६,००० फुटांवरच असाल तर पुरेसा नसतोच. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

विमान खाली आलंच नाही तर काय होतं, हे १४ ऑगस्ट २००५ ला दिसलं. हेलिओस एअरवेजचं ५२२ क्रमांकाचं बोइंग ७३७ सायप्रसमधल्या लार्नाकाहून सकाळी ९:०७ ला अथेन्सकडे निघालं. आदल्या देखभालीनंतर दाबनियंत्रणाचा खटका ‘मॅन्युअल’वर राहिला होता, त्यामुळे केबिनमध्ये दाब तयारच झाला नाही. साधारण १२,००० फुटांवर इशाऱ्याचा भोंगा वाजला, पण तोच आवाज जमिनीवर दुसऱ्या इशाऱ्यासाठी वापरला जातो आणि वैमानिकांनी तो तसाच समजून घेतला. ९:१४ च्या सुमारास मास्क पडले. विमान ऑटोपायलटवर चढतच राहिलं आणि ९:२३ ला ३४,००० फुटांवर सरळ झालं. त्या विमानातले डबे सुमारे १२ मिनिटांचे होते. मास्क पडताक्षणी ओढले असं धरलं तरी ९:२६ च्या आसपास ते संपले असणार, म्हणजे विमान सर्वोच्च उंचीवर पोचून तीन मिनिटं झाली नाहीत तोवर. विमान जवळपास अडीच तास तसंच उडत राहिलं. शेजारून गेलेल्या ग्रीक एफ-१६ च्या वैमानिकांना सहवैमानिक पुढे कलंडलेला आणि केबिनमध्ये मास्क लोंबकळताना दिसले. इंधन संपून दुपारी १२:०३ ला ते ग्रामातिकोजवळ कोसळलं, १२१ जण गेले. डब्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. ज्या उतरणीसाठी ते बनवले होते ती झालीच नाही.

एका ठिकाणी बारा मिनिटं खरोखरच कमी पडतात: तिबेटच्या पठारासारख्या प्रदेशावर. तिथे खालची जमीनच १०,००० फुटांच्या वर असल्याने थेट खाली येता येत नाही. आधी वळून ठरलेल्या सुटकेच्या मार्गाने डोंगर ओलांडावे लागतात, तोवर मधल्या उंचीवर राहावं लागतं. अशा मार्गांसाठी कंपन्या बावीस मिनिटांचे डबे किंवा थेट सिलिंडरची प्रणाली असलेली विमानं वापरतात, आणि कुठल्या बिंदूवर दाब गेला तर कुठे वळायचं हे उड्डाणाआधीच आखलेलं असतं. बोइंग ७८७ मध्ये तर क्लोरेट नाहीच, आसनांवर छोटे सिलिंडर आहेत, ते तुम्ही श्वास आत घ्याल त्या क्षणीच ऑक्सिजनचा झोत सोडतात, त्यामुळे तेवढाच साठा जास्त वेळ पुरतो.

मुदतीबद्दलही विचारणारे असतात: डबा न वापरता दहा वर्षांहून जास्त काळ टिकतो, पण एकदा पेटला की त्यात पुन्हा भरता येत नाही, अख्खा बदलावा लागतो. बऱ्याच डब्यांवर उष्णतेने रंग बदलणारी पट्टी असते. ती काळी पडली असेल तर तो वापरला गेला आहे, नसेल तर तो जिवंत आहे असं समजूनच देखभाल करणारे त्याच्या टोपीवर सुरक्षा-टोपण चढवतात आणि मगच तो जागेवरून काढतात.