अल्टिमेट फ्रिस्बीची डिस्क शिकवताना पहिले दोन तास

मॅडम, आपल्या सोलापुरात उन्हापेक्षा वारा जास्त छळतो, त्यामुळे तास सकाळचाच घ्या. मुलामुलींच्या मिश्र जोड्या लावा, आठ-दहा पावलांवर उभ्या करा आणि फक्त बॅकहँड शिकवा. फोरहँड नंतर.

डिस्क डगमगली तर मनगटाचा झटका कमी पडतोय, हात जोरात फिरवून उपयोग नाही. उजव्या हाताची फेक उजवीकडे कलंडून पडली तर बाहेरची कड वर राहिलीये; ती जराशी खाली धरायला लावा.

खरं काम पहिल्या फाऊलला. झेल घेताना एकाचा हात दुसरीच्या हाताला लागला, डिस्क पडली. सगळी पोरं तुमच्याकडे बघतील. इथेच नवे शिक्षक शिट्टी मारून निकाल देतात, तेवढं टाळा. अल्टिमेटमध्ये पंच नसतो. तिने स्वतः "फाऊल" म्हणायचं, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. त्याला मान्य असेल तर डिस्क तिथेच तिला मिळते. नसेल तर फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तिथून खेळ पुन्हा सुरू होतो. बोलायचं त्या दोघांनीच. लाजरी मुलं "फाऊल" म्हणतच नाहीत, म्हणून आधी मुद्दाम खोटा फाऊल घडवून प्रत्येकाकडून एकदा म्हणवून घ्या.