केबिन क्रूच्या अर्जात शांतपणा, भाषा आणि सेवावृत्ती कशी दाखवावी?

प्रश्न : मी नाशिकला हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. केबिन क्रूसाठी अर्ज करायचा आहे. दडपणाखाली शांत राहणे, भाषा आणि सेवावृत्ती हे गुण माझ्यात आहेत, हे अर्जात कसे पटवून द्यावे?

उत्तर :

मी केबिन क्रूमध्ये काम केले आहे आणि नंतर निवडीच्या मुलाखतीही घेतल्या आहेत. ‘मी शांत व सेवाभावी आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी रिसेप्शनवरचा एक खरा प्रसंग चार-पाच ओळींत लिहा.

समजा, रात्री वृद्ध आईला घेऊन आलेल्या कुटुंबाचे आरक्षण संगणकात सापडले नाही, मुलाचा आवाज चढला आणि मागे रांग वाढू लागली. अशा वेळी बहुतेक उमेदवार तो मुलगा किती उद्धटपणे बोलला याचेच वर्णन करतात. तुम्ही मात्र स्वतः काय केले ते क्रमाने सांगा : आजींना बसायला खुर्ची दिली, रांग सहकाऱ्याकडे वळवली, आरक्षणाचा क्रमांक घेऊन व्यवस्थापकांना फोन केला आणि ‘दहा मिनिटांत सांगते’ म्हटल्यावर, तोडगा निघालेला नसतानाही, दहाव्या मिनिटाला परत जाऊन काय चालले आहे ते सांगितले. आधी कशाकडे पाहायचे आणि कोणाला कळवायचे हे गोंधळातही सुचले, यातच शांतपणा दिसतो. प्रसंग खराच हवा, कारण मुलाखतीत ‘त्या वेळी सहकारी काय करत होता?’ असा उपप्रश्न येतो आणि पाठ केलेली गोष्ट तिथेच अडखळते.

सेवावृत्ती म्हणजे प्रत्येक मागणीला होकार, असा समज मात्र सोडा. विमानात केबिन क्रूचे पहिले काम प्रवाशांची सुरक्षितता हे असते, चहा-जेवण त्यानंतर येते. उतरण्याच्या वेळी सीटबेल्टचा दिवा लागलेला असताना कोणी स्वच्छतागृहात जाण्यासाठी उठला, तर त्याला नम्रपणे पण ठामपणे बसवावेच लागते. म्हणून नियमामुळे पाहुण्याला नकार द्यावा लागला, पण कारण सांगून दुसरा मार्गही सुचवला, असा एखादा अनुभव असल्यास तोही जरूर लिहा. तो फार थोड्यांच्या अर्जात सापडतो.

भाषांच्या बाबतीत केवळ नावांची यादी देऊ नका. ‘मराठी मातृभाषा, हिंदी अस्खलित, इंग्रजीतून रोज पाहुण्यांशी संभाषण’ असे, त्या भाषेत प्रत्यक्ष काय करता येते ते लिहा. जर्मन किंवा फ्रेंचची परीक्षा दिली असेल, तर ए२ किंवा बी१ अशी पातळी नोंदवा आणि ती वाढवून सांगू नका, कारण मुलाखत घेणारा मध्येच त्या भाषेत बोलू लागू शकतो. अनेक ठिकाणी उद्घोषणा मोठ्याने वाचायला लावतात. तेथे परदेशी उच्चारांची नक्कल ऐकली की मला तरी कंटाळा येई. हळू, शब्दांचे शेवट न गिळता आणि विरामचिन्हांपाशी थांबत वाचलेले इंग्रजी मराठी वळणाचे असले तरी चालते. विमानाची दारे व सीटबेल्ट यांविषयीच्या सूचना घरी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करा आणि इंग्रजी बेताचेच समजणाऱ्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना ऐकवून त्यांना काय कळले ते विचारा.